जागा निघते कधी, दिसते कधी

कारखान्यांच्या एचआर खात्यात मी एकोणीस वर्षं काढली. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ माणसं शोधण्यात गेला. त्या काळात एक प्रश्न मला लग्नात, मुंजीत, सोसायटीच्या सत्यनारायणाला, अगदी दाताच्या डॉक्टरकडेही विचारला गेला : ‘‘तुमच्याकडे काही ओपनिंग आहे का हो?’’ मी म्हणायचो, ‘‘सध्या तरी काही निघालेलं नाही.’’ हे खोटं नसायचं, पण पुरतं खरंही नसायचं. खणात दोन राजीनामे पडलेले असायचे, एका मॅनेजरनं ‘मला अजून एक माणूस लागेल’ म्हणून सकाळीच डोकं खाल्लेलं असायचं. फक्त जाहिरात निघालेली नसायची. विचारणाऱ्याच्या लेखी जाहिरात म्हणजेच जागा. आमच्याकडे जागा आधी व्हायची आणि जाहिरात सावकाश मागून यायची.

या दोहोंमधल्या काळात आत काय चालतं, हे बाहेरच्याला सहसा ठाऊक नसतं. समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यात सप्लायर क्वालिटीचं, म्हणजे बाहेरून येणाऱ्या सुट्या भागांच्या दर्जाचं काम बघणाऱ्या इंजिनिअरनं पाच तारखेला राजीनामा दिला. पहिला आठवडा त्याची समजूत काढण्यात जातो. तो बधत नाही असं दिसलं की त्याचा मॅनेजर बदली माणसासाठी रिक्विझिशन टाकतो. त्यावर विभागप्रमुखाची, मग फायनान्सची, मग एचआरची मंजुरी लागते. फायनान्सवाला हमखास विचारतो, ‘‘हा माणूस न भरता चालणार नाही का?’’ या एका प्रश्नात दोन-तीन आठवडे आरामात जातात. मंजुरी आली की जुनंच कामाचं वर्णन उचलून त्यातलं एखादं वाक्य बदलायचं. मग जागा आधी आतल्या लोकांना दाखवायची, त्याला आम्ही आयजेपी म्हणतो. पाठोपाठ ‘कुणी ओळखीचं असेल तर सांगा’ म्हणून कर्मचाऱ्यांना मेल जातो, आणि रेफरलमधून माणूस मिळाला तर सुचवणाऱ्याला बक्षीस असतं. त्यातून कुणी मिळालं नाही तरच कंपनीची करिअर साइट, नोकरीची पोर्टलं आणि कन्सल्टंट. राजीनाम्यापासून इथवर यायला महिना-दीड महिना सहज लागतो. साठ किंवा नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडमुळे आपल्याकडे हा काळ निभावून जातो, कारण जुना माणूस अजून खुर्चीत असतो आणि घाई कुणालाच नसते.

त्या दीड महिन्यात मॅनेजर मात्र मनातल्या मनात नावं जुळवत असतो. मागच्या इंटरव्ह्यूत थोडक्यात हुकलेला कोण होता, सप्लायरकडचा तो चुणचुणीत मुलगा अजून तिथेच आहे का, अमक्या सेमिनारला भेटलेली ती बाई कुठल्या कंपनीत होती. पोर्टलवर जागा दिसते तेव्हा अशी दोन-तीन नावं बहुतेक वेळा ठरलेली असतात. कधी तर माणूसही ठरलेला असतो आणि जाहिरात केवळ नियम आहे म्हणून निघते. पोर्टलवरून कुणी लागतच नाही असं नव्हे, पुष्कळ लागतात. पण तिथून येणारा गर्दीत शेवटी उभा राहतो.

मग त्या दीड महिन्याची चाहूल बाहेरून लागू शकते का? थोडीफार लागते, आणि त्यासाठी सध्या सगळ्यात उपयोगी जागा म्हणजे लिंक्डइन. २००३ साली सुरू झालेलं आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विकत घेतलेलं हे नेटवर्क भारतात आता दहा कोटींहून जास्त लोक वापरतात. त्यातले बहुतेक एकदा प्रोफाइल बनवतात, शे-दोनशे कंपन्यांना फॉलो करतात आणि नोकरी आपोआप येईल म्हणून वाट बघत बसतात. ती येत नाही.

त्याचं एक कारण अगदी साधं आहे. कंपनीच्या पानावर कंपनी बोलते, मॅनेजर नाही. आणि कंपनी काय बोलते? महिला दिन, वृक्षारोपण, गणपतीची आरती, ‘काम करण्यासाठी उत्तम ठिकाण’ असल्याचा बिल्ला आणि एमडीसाहेबांचा कुठल्याशा परिषदेतला फोटो. हे सगळं रोज बघणाऱ्याचं डोकं बधिर होतं आणि त्यातली एक कामाची पोस्ट नेमकी नजरेतून निसटते. कामाची म्हणजे कुठली? नवी लाइन सुरू झाल्याची, नव्या गाडीसाठी ऑर्डर मिळाल्याची, नव्या प्लँटच्या भूमिपूजनाची. पोस्टमध्ये ‘भरती’ हा शब्द नसतो, पण नवा प्लँट येणार म्हटल्यावर त्यात माणसं लागणारच. क्रमही बहुधा ठरलेला असतो : आधी प्रोजेक्ट आणि बांधकाम बघणारे, मग प्लँट हेड आणि एचआर, मग मेंटेनन्स, खरेदी आणि क्वालिटीची वरची फळी, आणि उत्पादनाची मोठी भरती सगळ्यात शेवटी. भूमिपूजनाचा फोटो बघून लगेच सीव्ही पाठवणाऱ्या प्रॉडक्शन इंजिनिअरला उत्तर मिळत नाही. त्याची वेळ वर्षभरानं येणार असते आणि तोवर त्याचा सीव्ही कुणाच्या लक्षातही राहत नाही. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर अशा बातम्या बीएसई-एनएसईच्या संकेतस्थळावर तिच्या घोषणांमध्येही सापडतात. तिथली भाषा रुक्ष असते, पण फुगे आणि पुष्पगुच्छ नसतात.

म्हणून कंपन्या थोड्या निवडाव्यात आणि माणसं नीट निवडावीत. इथेच बहुतेकांची गल्लत होते : ते एचआरच्या लोकांना फॉलो करतात. आमच्या खात्याचा अपमान करायचा नाही, पण एचआरला जागा कळते ती रिक्विझिशन आल्यावर. मॅनेजरला ती महिनाभर आधी माहीत असते. तुम्हाला हवी ती जागा ज्याच्या हाताखाली येते तो माणूस गाठायचा. तो शोधायला पैसे पडत नाहीत. कंपनीच्या लिंक्डइन पानावर तिथल्या लोकांची यादी असते, तिला ‘पीपल’ असं नाव असतं. तिथे शहर पुणे निवडायचं आणि शोधचौकटीत आपल्या कामाचा शब्द टाकायचा. समजा आलेल्या यादीत इंजिनिअर सात, असिस्टंट मॅनेजर तीन, मॅनेजर एक आणि त्यांच्यावर एक डीजीएम आहे. तुम्ही इंजिनिअरच्या जागेसाठी बघत असाल तर तुमची माणसं दोन : तो मॅनेजर आणि तो डीजीएम. व्हाइस प्रेसिडेंटला फॉलो करून काही होत नाही, त्याला तुमच्या पातळीवरची जागा रिकामी आहे हेही माहीत नसतं.

दुसरी गोष्ट, फॉलो करणं आणि कनेक्ट होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कनेक्टसाठी समोरच्याची संमती लागते, फॉलोला लागत नाही. काहींच्या प्रोफाइलवर फॉलोचं बटण समोर दिसत नाही, ते बाजूच्या मेनूत दडलेलं असतं. पण नुसतं फॉलो केल्यानं त्यांची प्रत्येक पोस्ट तुमच्यापर्यंत येईल, या भ्रमात राहू नका. तुमच्या पानावर काय दाखवायचं ते लिंक्डइन स्वतःच्या हिशेबानं ठरवतं, आणि ज्याच्या पोस्टला तुम्ही कधी थांबून वाचलेलं नाही तो हळूहळू दिसेनासा होतो. फॉलो केल्यावर प्रोफाइलवर घंटेची खूण येते. ती दाबून सगळ्या पोस्टची सूचना मागायची. कंपनीच्या पानावरही अशीच घंटा असते. वीस माणसांना घंटा लावलेली असली की पुरे. शंभर जणांना लावलीत तर चौथ्या दिवशी तुम्हीच त्या सूचना बंद कराल.

आता चाहूल म्हणजे नेमकं काय बघायचं? ‘माझ्या टीममध्ये माणूस हवा आहे’ असं मॅनेजरनं स्वतः लिहिलेलं असतं तेव्हा प्रश्नच नसतो. अशी पोस्ट पोर्टलच्या जाहिरातीच्या आधी येते, कारण ती लिहायला फक्त मॅनेजरचा फोन लागतो. रेफरलच्या टप्प्यात एचआरच मॅनेजरला ‘तुमच्या ओळखीत टाका’ म्हणून सांगतं, तेव्हाही ती येते. तुम्ही ज्यांना फॉलो करत नाही अशांच्या पोस्टही शोधता येतात. लिंक्डइनच्या शोधचौकटीत पुढची ओळ टाकायची, निकालांमधून ‘पोस्ट’ निवडायच्या आणि मागच्या आठवड्यापुरत्या मर्यादित ठेवायच्या :

```
("my team" OR "join us") AND hiring AND Pune AND "supplier quality"
```

अवतरणचिन्हातले शब्द जसेच्या तसे शोधले जातात, आणि OR व AND मोठ्या लिपीतच लिहावे लागतात. शेवटचे शब्द बदलून आपल्या कामाचे टाकायचे. मी निवृत्तीनंतरही सवय म्हणून ही ओळ कधीकधी चालवून बघतो. पहिल्या दहा निकालांत सात कन्सल्टंट निघतात आणि दोन शिकवणीवाले, पण दहावा कधीकधी खरा मॅनेजर असतो.

न लिहिलेल्या चाहुली मात्र जास्त कामाच्या, आणि त्यांतली एक हमखास फसवते. ती म्हणजे निरोपाची पोस्ट. कुणीतरी गळ्यातल्या ओळखपत्राचा फोटो टाकतं, ‘आज इथला शेवटचा दिवस’ म्हणून चार ओळी लिहितं, आणि वाचणाऱ्याला वाटतं, चला, जागा रिकामी झाली! हिशेब करून बघा. या माणसानं राजीनामा दोन-तीन महिन्यांपूर्वी दिलाय. त्याच्या जागी येणाऱ्याला ऑफरही मिळालेली असेल, कदाचित तो खुर्चीत बसून हस्तांतर घेत असेल. निरोपाची पोस्ट ही जागा भरल्याची खूण समजावी. अपवाद एकच : ऑफर घेतलेला माणूस ऐन वेळी येत नाही, दुसरीकडची जास्त पैशांची ऑफर घेऊन बसतो. आपल्याकडे हे इतकं होतं की एचआरवाले रुजू व्हायच्या तारखेच्या आदल्या रात्रीही नीट झोपत नाहीत. तेव्हा मॅनेजर अक्षरशः घायकुतीला आलेला असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या नावाला फोन जातो. त्या यादीत असणं हाच निरोपाच्या पोस्टचा काय तो उपयोग.

सगळ्यात भरवशाची चाहूल म्हणजे नवा साहेब रुजू झाल्याची पोस्ट. नवीन मॅनेजर किंवा विभागप्रमुख आला की पहिला महिना तो बघत असतो. कुणाला काय येतं, कुठे भोक आहे, हे त्याला कळेपर्यंत दुसरा महिना उजाडतो. मग तो वर सांगतो, ‘‘मला दोन माणसं लागतील.’’ वरचे नुकतेच त्याला आणल्यामुळे नाही म्हणत नाहीत, ही सवलत त्याला पुढे कधीच मिळत नाही. जुन्या टीममधले एक-दोघे त्याच्याशी न पटून निघतात, त्या जागा वेगळ्याच. म्हणजे साहेब रुजू झाल्यापासून दुसरा ते चौथा महिना हा त्याच्याकडे लक्ष ठेवायचा काळ. बढतीची पोस्टही तशीच वाचावी : असिस्टंट मॅनेजर मॅनेजर झाला, तर त्याची जुनी खुर्ची कुणाची?

महिन्यांचंही थोडं गणित आहे. आर्थिक वर्ष एप्रिलपासून धरणाऱ्या कंपन्यांत नवीन जागांचं बजेट तेव्हाच हातात येतं. त्याच सुमारास पगारवाढीची पत्रं निघतात, बोनस खात्यात जमा होतो आणि लोक राजीनामे देतात. बोनस पडेपर्यंत थांबलेली माणसं सगळ्या कंपन्यांत असतात, मीही एकदा त्यांच्यात होतो. म्हणून एप्रिल ते जून या काळात घंटा वाजली की लगेच बघावं. जानेवारीपासून वर्ष धरणाऱ्या परदेशी कंपन्यांत हाच खेळ तीन महिने आधी होतो.

माझ्या भाचीचं उदाहरण सांगतो, कारण तिची वही मी स्वतः बघितली आहे. ती रांजणगावला ॲल्युमिनियमचे ओतीव भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला होती. पाच वर्षांचा अनुभव, नोटीस साठ दिवसांची. तिला गाडी बनवणाऱ्या किंवा त्यांना थेट माल देणाऱ्या मोठ्या कंपनीत सप्लायर क्वालिटीला जायचं होतं. पोर्टलवर तिनं आठ महिन्यांत चाळीसेक अर्ज टाकले होते, बोलावणं आलं होतं दोन ठिकाणांहून. ‘‘मामा, माझ्या सीव्हीतच काही खोट आहे का?’’ म्हणून ती आली. सीव्ही ठीक होता. मी तिला शंभर पानी वही घ्यायला लावली.

पहिल्या पानावर तिनं चौदा कंपन्या लिहिल्या. निकष एकच : ॲल्युमिनियमचे ओतीव भाग विकत घेणाऱ्या, म्हणजे जिथे तिचं ज्ञान कामाला येईल अशा. त्या कंपन्यांमधून तिनं वर सांगितल्याप्रमाणे बावीस माणसं काढली. पुढच्या पानांवर तीन रकाने : तारीख, कोण, काय दिसलं. मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री वीस मिनिटं बघायचं, बाकी दिवस लिंक्डइन उघडायचंच नाही, असं ठरलं. पहिल्या पाच आठवड्यांत वहीत कामाच्या नोंदी झाल्या फक्त सहा. मला ते अपेक्षितच होतं.

सातवी नोंद अशी होती : एका कंपनीत सप्लायर क्वालिटीला नवीन डीजीएम रुजू. आधीच्या नोकरीत ते ओतकामाच्याच क्षेत्रात होते. भाचीला त्याच रात्री त्यांना सीव्ही पाठवायचा होता. मी अडवलं. रुजू होऊन आठवडा झालेल्या माणसाला स्वतःचा लॅपटॉप धड मिळालेला नसतो, तो तुमचा सीव्ही ठेवणार कुठे? तीन आठवड्यांनी त्या गृहस्थांनी सप्लायर मंडळींच्या बैठकीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं की ओतीव भागांत सूक्ष्म छिद्रं राहून होणारी गळती ही या वर्षीची मोठी डोकेदुखी आहे. हे भाचीचं रोजचं काम! तिनं खाली तीन ओळींची कॉमेंट टाकली : आमच्याकडे गळतीची चाचणी यंत्रकामानंतर व्हायची, ती आम्ही एका भागापुरती यंत्रकामाच्या आधीही घ्यायला लागलो, त्यामुळे खराब भागावर यंत्राचा वेळ जायचा थांबला, पण काही छिद्रं यंत्रकामानंतरच उघडी पडतात, म्हणून दुसरी चाचणी काढता आली नाही. कंपनीचं नाव नाही, भागाचं नाव नाही, आकडा नाही. ‘ग्रेट इनसाइट सर’ हा प्रकार तर मुळीच नाही. डीजीएमनी त्याखाली एक प्रश्न विचारला, तिनं उत्तर दिलं.

दोन दिवसांनी तिनं कनेक्टची विनंती पाठवली. सोबतचा मजकूर इंग्रजीत होता, त्याचा मराठी मतलब असा : ‘सर, गळतीच्या पोस्टवर आपलं बोलणं झालं. मी पाच वर्षं ओतीव भागांच्या क्वालिटीला आहे आणि सप्लायर क्वालिटीकडे वळायचं आहे. पुढे कधी आपल्याकडे तशी गरज निर्माण झाली तर कळवाल का?’ विनंतीसोबत फार लिहिता येत नाही, आणि फुकट खात्यावरून असा मजकूर महिन्याला मोजक्याच लोकांना पाठवता येतो, म्हणून तो वाया घालवायचा नसतो. यात ‘नोकरी द्या’ नाही, सीव्ही नाही, विनवणी नाही. समोरच्याला एका शब्दात उत्तर देता येईल असा एकच प्रश्न आहे. नऊ दिवसांनी उत्तर आलं : सध्या जागा नाही, सीव्ही पाठवून ठेवा.

भाची हिरमुसली. मी मात्र खूश झालो, कारण ‘पाठवून ठेवा’ हे माझ्याही तोंडचं वाक्य. त्याचे अर्थ दोन होतात. एचआरनं म्हटलं तर ‘आता जा’. मॅनेजरनं कामाबद्दल दोनदा बोलून झाल्यावर म्हटलं, तर तो सीव्ही त्याच्या मेलबॉक्समध्ये नावानिशी राहतो. पाच आठवड्यांनी त्या कंपनीच्या एचआरचा फोन आला. पहिला इंटरव्ह्यू झाला आणि त्यानंतर बारा दिवसांनी तीच जागा पोर्टलवर दिसली.

ती नोकरी तिला मिळाली नाही. त्यांना महिन्यात येणारं माणूस हवं होतं, तिची नोटीस साठ दिवसांची आणि तिची कंपनी एक दिवस कमी करायला तयार नव्हती. पण नकार कळवताना डीजीएमनी तिचं नाव दुसऱ्या कंपनीतल्या आपल्या जुन्या सहकाऱ्याला दिलं. तिथे नव्या गाडीच्या ऑर्डरमुळे दोन जागा व्हायच्या होत्या, त्यांतली एक तिला मिळाली. ही कंपनी तिच्या चौदांच्या यादीत नव्हतीच.

असं होणं हा निव्वळ नशिबाचा भाग नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना गाठून विचारलं होतं की ही नोकरी कळली कुणाकडून. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटत असत. निम्म्याहून जास्त लोक त्याला अधूनमधून भेटणारे होते, आणि २८ टक्के तर क्वचितच. त्यानं हे १९७३ साली मांडलं. जवळच्या माणसांना आपल्यालाच माहीत असलेली माहिती असते, लांबच्यांचं जग वेगळं असतं, असा त्याचा युक्तिवाद होता. पुढे लिंक्डइनवरच सुमारे दोन कोटी लोकांच्या ओळखींचा पाच वर्षांचा प्रयोग अभ्यासला गेला आणि २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात छापून आला. त्यात थोडी दुरुस्ती निघाली : नोकरी बदलायला सगळ्यात उपयोगी पडते ती मध्यम पातळ ओळख. अगदीच अनोळखी नव्हे, घरचीही नव्हे. गळतीवर दोनदा बोलणं झालेला डीजीएम नेमका त्यात बसतो.

या सगळ्यात हात कसा पोळतो, तेही सांगायला हवं. पहिला अनुभव माझाच. एका नोकरीत कंटाळलो होतो तेव्हा एका संध्याकाळी मी एकाच बैठकीत प्रतिस्पर्धी पाच कंपन्यांना फॉलो केलं आणि त्यांतल्या एका एचआर प्रमुखाच्या पोस्टवर भरभरून कॉमेंट टाकली. दोन दिवसांनी चहाच्या वेळी साहेब म्हणाले, ‘‘काय, तिकडे फार आवडतंय वाटतं?’’ तुम्ही कुठल्या कंपन्यांना फॉलो करता ते तुमच्या प्रोफाइलवर खाली दिसतं, आणि तुमची कॉमेंट तुमच्या ओळखीच्यांच्या पानावर जाऊ शकते. म्हणून यादीत आपल्या क्षेत्रातल्या, पण जिथे जायचं नाही अशाही चार कंपन्या मिसळाव्यात, आणि आठवड्याला दोन-तीनच वाढवाव्यात. ‘काम हवं आहे’ची खूण सगळ्यांना दिसणाऱ्या हिरव्या चौकटीऐवजी फक्त रिक्रूटर्सना दिसेल अशीही ठेवता येते. आपल्याच कंपनीतल्या रिक्रूटरपासून ती लपवायचा लिंक्डइन प्रयत्न करतं, हमी देत नाही.

दुसरी चूक अधीरपणाची. मॅनेजरच्या मागच्या वर्षभराच्या सतरा पोस्टना एका रात्रीत लाइक करणारे लोक असतात. त्याच्या फोनवर त्या सतरा सूचना एकाखाली एक येतात आणि तुमचं नाव लक्षात राहतं, पण नको त्या कारणानं. आपोआप लाइक आणि विनंत्या पाठवणारी साधनं मिळतात, ती वापरणं लिंक्डइनच्या नियमांत बसत नाही आणि खातं बंद पडू शकतं.

तिसरी गोष्ट फसवणुकीची. ‘अजून जाहिरात निघालेली नाही, आतली जागा आहे’ हेच वाक्य भामटेही वापरतात, कारण त्यात पडताळायला काही नसतं. खऱ्या मॅनेजरच्या प्रोफाइलवर वर्षानुवर्षांची नोकरी, त्याच कंपनीतले सहकारी आणि जुन्या पोस्ट दिसतात. बोलणं पुढे गेलं की मेल कंपनीच्या पत्त्यावरून येतो. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉपची अनामत, कुठल्याही नावानं पैसे मागितले की बोलणं तिथेच थांबवायचं. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करायचा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवायची. उशीर होईल तसे पैसे परत मिळायची शक्यता घटते.

आणि जिथे हे चालत नाही तिथे वेळ घालवू नका. सरकारी नोकरीत जाहिरात हीच सुरुवात असते, तिथे आधी कळून उपयोग नाही आणि आधी कळवतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवण्याचं कारण नाही. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्यांना मोठ्या आयटी कंपन्या शेकड्यांनी परीक्षा घेऊन उचलतात, त्यात एखादा मॅनेजर कुणाचं नाव लक्षात ठेवत नाही. भोसरीच्या छोट्या वर्कशॉपचा मालक लिंक्डइनवर नसतोच. त्याची जाहिरात गेटवरच्या पाटीवर असते, नाहीतर टूलरूमवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. ही पद्धत चालते ती साधारण तीन ते पंधरा वर्षं अनुभवाच्या, आपल्या कामाबद्दल चार वाक्यं नीट लिहिता येणाऱ्या माणसाला. आणि तिला तीन-चार महिने द्यावे लागतात. उद्या नोकरी जाणार असेल तर पोर्टलंच चाळा, ओळखीच्यांना सरळ फोन करा, लाजू नका.

भाची नव्या नोकरीत रुजू होऊन आता चौथा महिना आहे. परवा तिनं मला स्क्रीनशॉट पाठवला. तिला नकार मिळालेली ती पहिली जागा भरून बरेच दिवस झाले, तिथे रुजू झालेल्या मुलाशी सप्लायरच्या एका ऑडिटला तिची भेटही झाली. पोर्टलवर त्या जागेची जाहिरात अजून तशीच आहे, ‘त्वरित पाहिजे’ म्हणून.